गेटच्या टोकावरचं वर्तुळ

रेघोबांचं खरं नाव पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, तेवढंच. एरवी छापखान्याच्या दारावरच्या पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना रेघोबाच म्हणत, आणि तेही ‘ओ’ देत. एखादी सरळ रेघ वाकडी दिसली की या गृहस्थांना डबा गोड लागायचा नाही. एकदा भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं लागलं म्हणून त्यांनी जेवता जेवता उठून, खरकट्या हाताचं कोपर लावून ते सरळ केलं होतं. मी म्हटलं, “अहो, जग तिरकं आहे, ते कधी सरळ करताय?” तर म्हणाले, “बाई, त्याला कोपर पुरायचं नाही.”

आमचा छापखाना परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापतो. छापतो म्हणजे गुपचूप छापतो. मागच्या अंगाला एक बंद खोली आहे. आत जाताना फोन पेटीत टाकायचा, पर्स बाहेर ठेवायची, आणि आतला कागदाचा कपटाही बाहेर आणायचा नाही. त्या खोलीत एका टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही बावीस वर्षं बसलो. प्राश्निकाने, म्हणजे पेपर काढणाऱ्या शिक्षकाने, हाताने ओबडधोबड काढून पाठवलेल्या आकृत्या रेघोबा नीट करून काढायचे. मी मुद्रितशोधक. मजकूर वाचायचा आणि त्यांची आकृती मूळ प्रतीशी ताडून पाहायची, हे माझं काम. प्रत्येक आकृतीबरोबर एक चिठ्ठी असते. तिच्यावर दोन चौकटी. ‘आकृती काढली’ इथे त्यांची सही, ‘पडताळली’ इथे माझी. माझी सही म्हणजे काय, एक वेटोळं आणि खाली रेघ. ते नेहमी चिडवायचे, “बाई, तुमची सही म्हणजे गुंता झालेली लोकर.”

शाळेत ते विज्ञानात नापास झालेले. वडील गेले आणि शिकायचं राहिलं ते राहिलंच. पण जी आकृती काढायची ती आधी समजून घ्यायची, हा त्यांचा हट्ट. “काय काढतोय ते कळलं नाही की हात चुकतो,” म्हणायचे. तीस वर्षं भिंगं, लोलक, कप्प्या, विद्युतमंडलं काढून काढून या माणसाने अख्खं पदार्थविज्ञान उलट्या बाजूने शिकून घेतलं होतं. प्रत्येक प्रश्न ते आधी पेन्सिलीने सोडवायचे. तो कागद संध्याकाळी मोजून यंत्रात कापला जायचा. म्हणजे या माणसाने आयुष्यभर पेपर सोडवले आणि रोज ते कापून टाकले गेले. मला कधी कधी फार वाईट वाटायचं.

डायोड मला त्यांनीच शिकवला. मी विचारलं नव्हतं, तरी शिकवला. “हा बाण बघा. बाणाच्या दिशेने वीज आली तर आत. उलट्या दिशेने आली तर बाहेरच उभी, कितीही हात जोडा. आणि आत घेतानाही हा सिलिकॉनचा डायोड शून्य पूर्णांक सात व्होल्ट स्वतःकडे ठेवून घेतो. उरलेले व्होल्ट पुढच्या रोधावर. त्यांना रोधाच्या ओहमने भागा, झाला प्रवाह.”

“म्हणजे मोठ्या ऑफिसातला शिपाईच की हो,” मी म्हटलं.

“हो, पण हा सगळ्यांकडून सारखंच घेतो.”

संगणक आला तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. सगळ्यांना वाटलं, आता रेघोबांचं कसं होणार. त्यांनी दोन महिन्यांत तो शिकून घेतला, पण सवयी जुन्या शाईच्याच ठेवल्या. लॉजिक गेट काढायचे तर आधी सगळ्या गेटांची अंगं, मग जोडणाऱ्या रेघा, मग अक्षरं, आणि नँड गेटच्या टोकावर उत्तर उलटं करणारं जे बारीक वर्तुळ असतं ते सगळ्यात शेवटी. शाईच्या दिवसांत ओल्या वर्तुळावरून पट्टी सरकली की ते फिसकटायचं, म्हणून ते शेवटी ठेवायचे. आपण लिहिताना अख्खी ओळ लिहून मग अनुस्वार देतो, तसं. संगणकात काही फिसकटत नाही. मी कितीदा म्हटलं, “आता तरी जागच्या जागी द्या की!” पण हाताला लागलेलं वळण, ते काय सुटणार.

त्या वर्षीच्या पदार्थविज्ञानाच्या पेपरात पाचव्या प्रश्नाला दोन आकृत्या होत्या. ‘अ’मध्ये सहा व्होल्टची बॅटरी, तिला दोन फाटे. एका फाट्यात सिलिकॉन डायोड आणि हजार ओहमचा रोध, दुसऱ्यात तसाच डायोड आणि पाचशे ओहमचा रोध. बॅटरीतून जाणारा प्रवाह काढा. ‘ब’मध्ये तीन गेटांची जोडणी. तिची सत्यता सारणी, म्हणजे कुठलं टोक चालू-बंद असताना काय उत्तर येतं त्याचा शून्य-एकचा तक्ता, लिहा. तीन गुण.

‘अ’ पाहताच रेघोबा अडले. प्राश्निकाने दुसऱ्या फाट्यातला डायोड उलटा काढला होता.

“हा चुकून उलटा काढलाय की मुद्दाम?” ते म्हणाले. “दोन्ही सुलटे असते तर पहिल्यातून पाच पूर्णांक तीन मिलिअँपिअर, दुसऱ्यातून दहा पूर्णांक सहा, मिळून पंधरा पूर्णांक नऊ. हा उलटा असेल तर त्या फाट्यातून काहीच नाही. नुसते पाच पूर्णांक तीन. बाई, उत्तर तिपटीने बदलतंय.”

“तुम्हाला काय करायचंय? आहे तसं काढा.”

“काढीनच. पण विचारीन.”

प्राश्निक कोण ते आम्हाला कधीच कळत नाही. शंका असली तर ती लिहून, पाकिटात घालून, लाख लावून साहेबांकडे द्यायची. ते पाकीट कुठे जातं, कोण उघडतं, देव जाणे. त्या दिवशी दहा वाजता पाकीट गेलं आणि रेघोबांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. तेवढ्या वेळात त्यांनी ‘ब’ काढायला घेतली. ए आणि बी ही दोन टोकं. ती एका नँड गेटला जातात आणि एका ऑर गेटला पण जातात. त्या दोघांची उत्तरं तिसऱ्या अँड गेटला. गेटांची अंगं झाली, रेघा झाल्या, अक्षरं झाली. आणि दार वाजलं. पाकीट परत आलं होतं.

रेघोबा उठून दाराशी गेले. पाकिटात एवढंच लिहिलेलं, ‘डायोड मुद्दाम उलटा आहे. आहे तसाच ठेवावा.’

त्यांचा चेहरा उजळला. “बघा! म्हणजे मुलांना बघायला लावायचंय. छान प्रश्न आहे हो, फार छान.” मग त्यांनी ‘अ’ पुन्हा उघडली, डायोडचा बाण आणि आडवी रेघ ठसठशीत केली, मला तीनदा दाखवली. मी तीनदा मूळ प्रतीशी ताडून पाहिली. त्या नादात ‘ब’ तशीच छापायला सुटली. मी तिच्या चिठ्ठीवर लोकरीचा गुंता काढला आणि चहाला गेले.

खरं सांगायचं तर ‘ब’ मी पाहिलीच नाही. नजरेखालून घातली असंसुद्धा म्हणवत नाही.

निकाल लागला आणि दोन महिन्यांनी परीक्षा मंडळाचं पत्र आलं. एका विद्यार्थिनीने हरकत घेतली होती. तिच्या उत्तरपत्रिकेची नक्कल सोबत होती. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून ती पुढे टाकली. पोरीने काय सुरेख सारणी मांडली होती! ए, बी, पहिल्या गेटचं उत्तर, दुसऱ्याचं, शेवटचं. चार ओळी. शेवटच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य, एक. त्यावर लाल फुली आणि बाजूला भोपळा. खाली अर्जात लिहिलं होतं, ‘मी छापलेल्या आकृतीप्रमाणेच सोडवले आहे. माझे कुठे चुकले ते कृपया सांगावे.’

गुण वाढवून द्या, असं कुठेही म्हटलं नव्हतं.

साहेबांनी मूळ प्रत कपाटातून काढली. तिथे पहिल्या गेटच्या टोकावर प्राश्निकाने काढलेलं वाटाण्याएवढं वर्तुळ होतं. आमच्या छापील आकृतीत ते नव्हतं. वर्तुळ नाही म्हणजे तो नँड नाही, अँड झाला.

रेघोबांनी तिथेच उभ्या उभ्या पेन्सिलीने दोन्ही सारण्या मांडल्या. रकाने नेहमीसारखे सरळ आले. “मूळ आकृतीप्रमाणे उत्तर शून्य, एक, एक, शून्य. दोघांपैकी एकच चालू असेल तरच एक. आणि आपल्या आकृतीप्रमाणे शून्य, शून्य, शून्य, एक. दोन्ही चालू असतील तरच एक.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “चारातल्या तीन ओळी उलटल्या साहेब. हिचं बरोबर आहे. पूर्ण बरोबर आहे.”

“पण मग बाकीच्यांना गुण कसे मिळाले?” मी विचारलं.

“पाठ होतं म्हणून,” ते म्हणाले. “ही जोडणी सगळ्या गाइडांत असते. ज्यांनी आकृतीकडे न बघता पाठ केलेलं उत्तर लिहिलं ते पास. ज्यांनी डोळे उघडून बघितलं ते नापास. तपासणारे नमुना उत्तर समोर ठेवून फुल्या मारत गेले.”

साहेब वाईट माणूस नाहीत, पण छापखाना त्यांना चालवायचा होता. त्यांनी दार लावून घेतलं. “हे बघा. मूळ प्रत आपल्याकडे आहे, आणि नियमाप्रमाणे चौदा दिवसांनी ती नष्ट व्हायचीच आहे. मंडळाला एका ओळीचं पत्र जाईल, ‘आकृती मूळ प्रतीप्रमाणेच छापली आहे.’ विषय संपला. गोपनीय काम हातचं गेलं तर या छताखालच्या चाळीस जणांचं काय करू मी? रेघोबा, तुम्ही पाच महिन्यांनी निवृत्त होताय. सत्कार घ्या, शाल घ्या, घरी जा.”

“आणि त्या मुलीला काय सांगायचं? तिचं कुठे चुकलं ते?”

साहेबांनी मूळ प्रत परत कपाटात ठेवली.

“तिने विचारलंय ना,” रेघोबा म्हणाले. “काहीतरी सांगावं लागेल.”

जिन्यात मी त्यांना गाठलं. घरी नवरा तीन वर्षं अंथरुणावर, अर्धं अंग लुळं. माझी नोकरी दोन वर्षं राहिलेली, आणि तिच्यावरच त्याचं औषधपाणी. चिठ्ठीवर माझं वेटोळं ठळक होतं. मी रडायलाच लागले. “रेघोबा, मी ती पाहिलीच नव्हती हो. न पाहता सही केली.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “गेली आठ वर्षं मी समोर धरली नाही तर तुम्ही माझी आकृती पाहत नाही.”

मी रडणं थांबवून विचारलं, “मग कधी बोलला का नाहीत?”

ते जरा ओशाळले. “बरं वाटायचं.”

एवढं बोलून ते खाली गेले. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर मला चार शब्द सुनावून गेला असता, आणि ते मला चाललं असतं. त्यापेक्षा हे फार लागलं. आठ वर्षं माझा आळस या माणसाने विश्वास समजून जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला सरळ पत्र पाठवून दिलं. साहेबांना दाखवलंही नाही. साहेब डोक्याला हात लावून बसले. आठवड्याने मंडळाची दोन माणसं आली, एक जाड चष्म्याची बाई आणि एक टाय लावलेला तरुण अधिकारी. रेघोबा सकाळपासून आत होते. मी बाहेर बाकावर बसून काय बोलायचं ते जुळवत होते. सगळं खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. अगदी देवाशपथ ठरवलं होतं. न पाहता सही केली, माझीही तितकीच चूक आहे, काय शिक्षा असेल ती द्या. दहा वेळा मनात म्हणून पाहिलं. मग मला आत बोलावलं.

टेबलावर ती चिठ्ठी होती. रेघोबा बाजूच्या खुर्चीत, हात मांडीवर, मान खाली.

चष्म्याच्या बाई म्हणाल्या, “यांनी लेखी दिलंय की त्या दिवशी तुम्ही चहाला गेला होता. घाई होती म्हणून ही आकृती यांनी तुम्हाला दाखवलीच नाही, आणि पडताळणीच्या चौकटीत तुमची सही स्वतःच ठोकून दिली. तुम्हाला याची कल्पना नव्हती.” त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. “नीट बघून सांगा. ही सही तुमची आहे?”

मी रेघोबांकडे पाहिलं. ते मान वर करीनात. बाकावर जुळवलेलं सगळं होतं तिथेच, तोंडाशी होतं. पण मला एकदम घरातली खाट दिसली, तिच्या कडेला लोंबणारा नवऱ्याचा हात दिसला.

“नाही,” मी म्हटलं.

“खात्री आहे?”

“नाही. म्हणजे, सही माझी नाही.”

त्या तरुण अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. रेघोबांनी हलकेच मान डोलावली. मी एखादं गणित बरोबर सोडवलं की डोलवायचे, अगदी तशी.

नुसती चूक असती तर कदाचित समज देऊन भागलं असतं. बावीस काय, तीस वर्षांत एक वर्तुळ राहिलं, कुणाकडून राहत नाही? पण गोपनीय कामात दुसऱ्याची खोटी सही, याला माफी नसते. त्यांना त्याच दुपारी काढून टाकलं. सत्कार नाही, शाल नाही, पहारेकऱ्याने खिसे तपासून बाहेर सोडलं. ज्या माणसाने आतला कपटाही कधी बाहेर नेला नाही त्याचे खिसे तपासले! छापखान्यात लोक म्हणाले, “बघा, एवढा सरळ वाटायचा.” मी तिथेच उभी होते.

काम मात्र आमच्याकडेच राहिलं. स्वतःहून कळवलं म्हणून मंडळाने छापखान्याला एवढी सवलत दिली. छापील आकृतीप्रमाणे ज्यांनी सारणी लिहिली होती त्या सगळ्यांना तीन गुण मिळाले. त्या मुलीला पत्र गेलं. त्याची प्रत फाइलला लागली, ती मीच वाचली. ‘आपले उत्तर बरोबर आहे. आपले काहीही चुकलेले नाही.’ हे तरी त्यांना जाऊन सांगावं, असं वाटलं. खरं तर पाय धरावेत असं वाटत होतं. पण पाय धरायलासुद्धा तोंड लागतं. महिना गेला, दुसरा गेला. शेवटी एका रविवारी गेले.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी नाव सांगितलं तशी त्यांचा चेहरा पडला. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. रेघोबांची पाठ दिसत होती. खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते, हातात काही नाही, समोर काही नाही. माझा आवाज त्यांना नक्की ऐकू गेला असणार. पण ते वळले नाहीत.

“कुणाशी बोलत नाहीत हो,” वहिनी हळूच म्हणाल्या. “लेक येऊन गेली, तिच्याशीही नाही. जेवा म्हटलं की जेवतात, बस.”

मी पत्राचं सांगितलं. मुलीला गुण मिळाले, तिचं बरोबर होतं असं मंडळाने लिहून दिलं. मी आवाज जरा मोठाच ठेवला, आत पोचावा म्हणून. आतली पाठ हलली नाही. आता उठावं आणि खरं काय ते या बाईला सांगून टाकावं, असं माझ्या मनात आलं. मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात वहिनींनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“तुम्ही आलात, केवढा मोठेपणा तुमचा. तुम्हाला तोंड कसं दाखवावं तेच मला कळत नव्हतं. बावीस वर्षं समोर बसलेल्या बाईची खोटी सही करायची! त्या पायी तुमची नोकरी गेली असती, तर तुमच्या आजारी माणसाचं काय झालं असतं हो? मी त्यांना तेच विचारते, तर एक शब्द बोलत नाहीत. त्यांच्या वतीने मी माफी मागते. मनात ठेवू नका.”

मी आतल्या खोलीकडे पाहिलं. पाठ तशीच होती.

“जाऊ द्या वहिनी,” मी म्हटलं. “मी केव्हाच माफ केलं.”